आपल्याच वसाहतीत व्यवसायाची गरज कशी शोधावी : दळणाच्या डब्यावरून एक पूर्ण हिशेब

घरबसल्या काहीतरी सुरू करायचे आहे, पण नेमके काय, हे सुचत नाही, अशी तक्रार नाशिकमधल्या अनेक ओळखीच्या घरांतून ऐकू येते. बहुतेक जण मग दुसरीकडे चाललेले पाहून मसाले, केक किंवा साड्या आणतात आणि सहा महिन्यांत माल घरात पडून राहतो. मी उलट बाजूने गेले. आमची वसाहत पाथर्डी फाट्याच्या अंगाला आहे, चार इमारतींची. तिथे लोकांची नेमकी कशासाठी ओढाताण होते हे आधी टिपले आणि त्यातून पिठाचा एक छोटा उद्योग उभा राहिला. त्या प्रक्रियेची पायरीवार मांडणी येथे करते. उदाहरण पिठाचे आहे, पण तुमच्या वसाहतीत दुसरी एखादी गरज निघेल आणि ती पारखण्याची रीत हीच राहील.

सुरुवातीला लागणारे साहित्य अगदी थोडे आहे : एक शंभर पानी वही, वसाहतीतील सदनिकांची यादी (फक्त क्रमांक, नावे नकोत), पाच किलोपर्यंत मोजणारा वजनकाटा आणि संध्याकाळचा तासभर वेळ. यंत्र, पाटी, छापील पिशव्या यांपैकी काहीही आत्ता घेऊ नका.

१. आधी आपली हद्द आखा

वसाहत म्हणजे तुमची बाजारपेठ असेल, तर ती किती मोठी आहे हे दारे मोजून कळते. आमच्याकडे सदनिका ११२ आहेत, पण त्यांतल्या १४ बंद असतात, कारण मालक पुण्याला किंवा परदेशात राहतात. उरलेल्या ९८ दारांमागे कोण राहते, याचा ढोबळ अंदाज वहीत लिहा. अंबड किंवा सातपूरच्या कारखान्यांत पाळीवर जाणारे किती, दोघेही नोकरी करणारी जोडपी किती, मुले बाहेरगावी असलेली वयस्क जोडपी किती, एकत्र राहणारी नोकरदार किंवा शिकणारी मुले किती, आणि मूळ गाव कोणते. हे शेवटचे खाणे-पिण्याच्या बाबतीत फार उपयोगी पडते. सिडको, इंदिरानगर, पाथर्डी फाटा या पट्ट्यात जळगाव-धुळ्याकडून येऊन स्थिरावलेली कुटुंबे बरीच आहेत. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या काही गरजा नाशिकच्या साध्या किराणा दुकानात भागत नाहीत.

शेजारच्या वसाहती यात धरू नका. पहिल्या टप्प्यात तुमचे बळ तीन गोष्टींत आहे : चालत पोहोचता येईल इतके अंतर, चेहऱ्याची ओळख, आणि लोकांच्या वेळा ठाऊक असणे. हद्द वाढली की हे तिन्ही पातळ होते.

२. लोक काय मागतात यापेक्षा काय सोसतात ते टिपा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि हिला दोन-तीन आठवडे द्यावेत. लोकांना थेट विचारले की ते चांगल्या वाटणाऱ्या गोष्टी सांगतात : वाचनालय हवे, योगवर्ग हवा, सेंद्रिय भाजी हवी. यातले पैसे मोजून कोण घेईल, हे त्यावरून समजत नाही. ज्या कामासाठी माणूस आजच वेळ, पैसा किंवा मिंधेपणा खर्च करतो आहे, ते काम शोधायचे असते. अशी कामे पुढील चार ठिकाणी दिसतात.

पहिले ठिकाण म्हणजे वसाहतीच्या गटावर येणारे संदेश. मागील दोन-तीन महिने मागे जा आणि ‘कोणाकडे आहे का’, ‘कोणी जाणार आहे का’, ‘कोणाला माहीत आहे का’ अशा शब्दांनी सुरू होणारे संदेश वेगळे काढा. एकदाच आलेला प्रश्न सोडून द्या. वेगवेगळ्या घरांतून पुन्हा पुन्हा येणारा प्रश्न वहीत घ्या.

दुसरे ठिकाण फाटक. पहारेकऱ्याच्या नोंदवहीत कोणत्या कामाची माणसे वारंवार येतात, हे पाहण्यासारखे असते. मात्र ती वही समितीच्या ताब्यातील आहे. म्हणून सचिवांना विचारूनच पाहावी आणि कोणाकडे कोण आले याची नोंद करू नये, फक्त कामाचा प्रकार आणि वार लिहावा. पहारेकऱ्याशी गप्पा मारल्या तर बहुधा वहीचीही गरज पडत नाही.

तिसरे ठिकाण वाहनतळ आणि जिना, संध्याकाळी साडेसहा ते आठ. कोण काय घेऊन येते ते दिसते. आमच्याकडे याच वेळी स्कूटरच्या पायाशी उभा केलेला स्टीलचा डबा वारंवार दिसू लागला, आणि एक दिवस तिसऱ्या मजल्यावरच्या काकू जिन्यात डबा टेकवून दम घेताना भेटल्या. लिफ्ट बंद होती. त्या म्हणाल्या, “अहो, दळण टाकायला आमच्या हे जातात फिरायला जाताना. आणायचं कोणी? सात किलो उचलून त्यांची कंबर धरते.” हे वाक्य मी जसेच्या तसे वहीत लिहिले, कारण त्यात गरज, तिची वारंवारता आणि नेमकी अडचण ही तिन्ही होती.

चौथे ठिकाण कचरा. घंटागाडी येते तेव्हा फाटकापाशी उभे राहिले तर कोणत्या प्रकारची पाकिटे जास्त रिकामी होतात ते लक्षात येते. तयार पिठाची पाकिटे किती, ज्वारी-बाजरीची किती. अर्धवट पीठ तसेच टाकून दिलेले मला दोन-तीनदा दिसले. फेकलेल्या वस्तूमागे बहुधा एखादी न भागलेली गरज असते.

३. विचारताना मागच्या वेळेबद्दल विचारा

टिपणांतून दोन-तीन विषय पुढे आले की घरोघरी बोलायला सुरुवात करा. ‘मी असे सुरू केले तर तुम्ही घ्याल का?’ हा प्रश्न विचारू नका. शेजारधर्म म्हणून प्रत्येक जण हो म्हणतो, आणि त्या होकाराच्या भरवशावर गहू भरून ठेवणाऱ्याला नंतर तोंड लपवावे लागते. त्याऐवजी घडून गेलेल्या गोष्टीबद्दल विचारा. शेवटचे दळण केव्हा टाकले? कोण घेऊन गेले? आणायला किती फेऱ्या झाल्या? किती किलो होते? गिरणी बंद असली तर त्या दिवशी काय केले? तयार पाकीट आणले असेल तर कोणते, किती किलोचे, आणि ते संपले का?

या प्रश्नांनी आमच्या वसाहतीचे चित्र बरेच बदलले. ९८ घरांपैकी ४१ घरांत कोठी होती. म्हणजे ही कुटुंबे मार्च ते मे या काळात वर्षाचे गहू भरतात, स्वतःचे धान्य निवडतात आणि गरजेप्रमाणे गिरणीत नेतात. ३८ घरे तयार पाकिटावर होती, कारण धान्य साठवायला जागा नाही आणि निवडायला वेळ नाही. उरलेली १९ घरे बहुतेक बाहेरचा डबा खाणारी होती. दळणाची अडचण म्हणून मी जे एकच समजत होते, ते प्रत्यक्षात दोन वेगळ्या घरांचे दोन वेगळे प्रश्न निघाले. कोठीवाल्यांना वाहून नेणारा माणूस हवा होता. पाकीटवाल्यांना वाहून नेण्याचा प्रश्नच नव्हता, त्यांची तक्रार पिठाबद्दल होती.

ती तक्रार समजून घेण्यासारखी आहे. गव्हाचे तयार पीठ त्यांना चालते. ज्वारी आणि बाजरीचे चालत नाही. बाजरीत तेलाचा अंश जास्त असल्याने दळल्यावर पीठ काही दिवसांतच कडवट होऊ लागते. ज्वारीचे पीठ जुने झाले की त्याची विरी जाते, म्हणजे भाकरी थापताना कडेने चिरते आणि तव्यावर टाकताना तुटते. दुकानातले पाकीट केव्हा दळले ते कळत नाही आणि लहान कुटुंबाला किलोभर पीठ संपवायला आठवडे लागतात. म्हणून उरलेले पीठ घंटागाडीत जाते. गिरणीत जाऊन दीड किलो ज्वारी दळून आणावी, तर इतके थोडे दळण घ्यायला गिरणीवाले नाखूश असतात, आणि घेतले तरी आधीच्या दळणाचे पीठ त्यात मिसळून येते.

खानदेशी घरांत आणखी एक गोष्ट समजली. कळण्याचे पीठ, म्हणजे ज्वारीत सालीचे उडीद घालून दळलेले पीठ, ते नातेवाईकांकरवी जळगावहून मागवत होते. “भाऊ येणार असला की आधी फोन करायचा, दोन किलो कळण्याचं आण म्हणून,” असे एका ताईंनी सांगितले. एखाद्या वस्तूसाठी लोक दुसऱ्या जिल्ह्यातल्या पाहुण्यावर अवलंबून राहत असतील, तर ती गरज खरी आहे यात शंका नाही.

४. आकर्षक वाटणारे पर्याय गाळून टाका

माझ्या वहीत दळणाबरोबर भाजी घरपोच देणे, इस्त्री आणि दुपारचा डबा हेही होते. भाजी गाळली, कारण फाटकावर हातगाडी येते आणि मोबाईलवरून मागवलेली भाजीही पोहोचते. त्यात माझे अंतराचे बळ कामाला येत नाही. इस्त्रीवाल्याचे ठाणे जवळच होते आणि त्याच्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. डब्याची मागणी खरी होती, पण पाळीच्या वेळा सांभाळून रोज ताजे करणे एका माणसाला झेपणारे नव्हते आणि एकही दिवस सुटी मिळाली नसती.

गाळताना प्रत्येक गरजेला एवढेच विचारा : ही महिन्यातून किमान दोन-तीनदा येते का, बाहेरचा मोठा विक्रेता ती माझ्यापेक्षा बरी भागवू शकतो का, आणि मी आजारी पडले तर चार दिवस थांबू शकते का. ताज्या भरड धान्याचे पीठ या तिन्हींत बसले.

५. खर्च करण्याआधी कागदावर पूर्ण हिशेब करा

आधी कोठीवाल्यांचा हिशेब पाहू, कारण मूळ कल्पना तीच होती : दारातून दळण न्यायचे, गिरणीतून दळून परत द्यायचे. ४१ पैकी २४ घरांत कोणी ना कोणी कामावरून येताना डबा सहज आणत होते. त्यांना अडचण नव्हती. उरलेल्या १७ घरांपैकी महिन्याचे पैसे आगाऊ द्यायला ८ घरे तयार झाली. प्रत्येकी महिन्याला १० किलो धरले, तर ८० किलो होतात. गिरणीचे दर त्यांनीच द्यायचे आणि वाहतुकीचे मला किलोमागे ४ रुपये मिळायचे, म्हणजे महिन्याला ३२० रुपये. पेट्रोल वजा जाता हातात काय उरणार? गरज शंभर टक्के खरी होती, पण तिच्यावर व्यवसाय उभा राहत नव्हता. या टप्प्यावर पुष्कळ जण लोकांना तर हवे आहे म्हणून पुढे रेटतात. तसे करू नका.

आता ताज्या पिठाचा हिशेब. दर आठवड्याला एका ठरलेल्या दिवशी ज्वारी, बाजरी, नागली आणि कळणे यांची अर्धा किंवा एक किलोची ताजी पाकिटे द्यायची. धान्याचे भाव सतत बदलतात, त्यामुळे खालील आकडे नमुन्यादाखल घ्या आणि तुमच्या दिवसाचे भाव भरा. ज्वारी किलोला ४५ रुपये, निवडताना व दळताना होणारी घट २ रुपये, दळणावळ १० रुपये, पिशवी आणि चिठ्ठी ३ रुपये. एकूण ६० रुपये. विक्री ८० रुपयांना केली तर किलोमागे २० रुपये राहतात. पाकीटवाली आणि काही कोठीवाली मिळून २४ घरे आठवड्याला सरासरी दीड किलो घेतील असे धरले, तर आठवड्याला ३६ किलो आणि महिन्याला १४४ किलो होतात. म्हणजे २,८८० रुपये.

यात तुमचा वेळ अजून धरलेला नाही, तोही धरा. ३६ किलो धान्य आणणे, निवडणे, गिरणीत उभे राहून दळून घेणे, गार करणे, वजन करून भरणे आणि पोहोचवणे यांना आठवड्याला साधारण नऊ तास लागतात. महिन्याचे ३६ तास. म्हणजे तासाला ८० रुपये पडतात. हा पगार म्हणता येणार नाही, मात्र घरची कामे सांभाळून मिळणारा वरखर्च आहे, आणि कोणतेही भांडवल न अडकवता मिळतो. यात थालीपिठाच्या भाजणीची भर घातली की गणित सुधारते. कारण भाजणीत धान्य-डाळी वेगवेगळ्या भाजण्याचे कष्ट असतात आणि त्या कष्टांचे पैसे लोक बिनतक्रार देतात. महिन्याला दहा किलो भाजणीत किलोमागे ८० रुपये राहिले, तरी आणखी ८०० रुपये होतात.

६. यंत्र न घेता महिनाभर चालवून पाहा

वसाहतीत पिठाचा विचार निघाला की पहिला सल्ला घरघंटी घेण्याचा मिळतो. तूर्त घेऊ नका. एक अश्वशक्तीची घरघंटी तासाला साधारण सात ते दहा किलो दळते. ३६ किलोंसाठी ती चार-पाच तास चालवावी लागेल. मध्ये गार होऊ द्यावी लागेल आणि तिचा आवाज खालच्या-वरच्या घरांत जाईल. पिठाची धूळ बाल्कनीतून शेजारच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसली, तर ज्यांना ग्राहक करायचे तेच समितीकडे तक्रार करतील. महिनाभर जवळच्या गिरणीतच दळा. गिरणीवाल्याशी आधी बोलून ठेवा, कारण तुमचे दळण त्याला एकगठ्ठा मिळत असल्याने तो आठवड्यातला निवांत वेळ देतो.

दळण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी ज्वारी, मग बाजरी, मग नागली, आणि उडीद असल्यामुळे कळणे शेवटी. पहिल्या दळणाआधी जात्यात अडकलेले गव्हाचे पीठ काढून टाकण्यासाठी मूठ-दोन मूठ ज्वारी दळून बाजूला काढावी लागते. ती घटीत धरा. एखाद्या घरात गहू वर्ज्य असलेला रुग्ण असेल, तर सार्वजनिक गिरणीतले पीठ त्यांना देऊ नका आणि कारण स्पष्ट सांगा. मूठभर ज्वारी दळल्याने जाते पूर्ण स्वच्छ होत नाही. उपवासाच्या भगर-राजगिऱ्यालाही हेच लागू आहे. त्यासाठी ठरावीक दिवशी फक्त उपवासाचे दळणारी गिरणी शोधावी.

गिरणीतून आलेले पीठ गरम असते. ते तसेच पिशवीत बंद केले तर आत घाम सुटतो, गुठळ्या होतात आणि दोन दिवसांत वास येऊ लागतो. स्वच्छ सुती कापडावर पसरून पूर्ण गार झाल्यावरच भरा. हाताला जराही कोमट लागले तर थांबा. पावसाळ्यात ही काळजी दुप्पट घ्यावी लागते. त्या दिवसांत अर्ध्या किलोचीच पाकिटे ठेवावीत.

प्रत्येक पाकिटावर दळल्याची तारीख ठळक लिहा. तुमच्या आणि दुकानातल्या पिठातला खरा फरक हीच तारीख सांगते. बाजरीवर ‘आठवड्याच्या आत वापरा’ असेही लिहा.

महिनाभरात विक्रीचा एकूण आकडा पाहण्याऐवजी तेच घर पुन्हा मागते का ते पाहा. पहिल्या आठवड्यात ३० घरे घेतील, कारण ओळख आहे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात न सांगता मागणारी घरे हा खरा आकडा. आमच्याकडे तो २४ च्या आसपास स्थिरावला आणि म्हणून वरच्या हिशेबात तोच धरला आहे. तुमच्याकडे पहिल्या आठवड्याच्या निम्म्याहून कमी घरे उरली, तर सोडलेल्या घरांना जाऊन विचारा. बहुधा उत्तर पिठाबद्दल नसते, वाराबद्दल असते : शनिवारी सकाळी पीठ येते आणि भाकरी शुक्रवारी रात्री करायची असते.

७. कागदपत्रे आणि परवानग्या

स्वतःच्या हाताने तयार केलेले पीठ विकणे हा कायद्याच्या दृष्टीने अन्नव्यवसाय आहे. नियमित विक्री सुरू करण्याआधी अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार नोंदणी करून घ्यावी. लहान घरगुती व्यवसायासाठी मूलभूत नोंदणीचा सोपा अर्ज असतो आणि तो ऑनलाइन भरता येतो.

- अर्जाचे अधिकृत संकेतस्थळ : `foscos.fssai.gov.in`
- लागणारी कागदपत्रे : छायाचित्र, ओळखपत्र, घराच्या पत्त्याचा पुरावा, कोणते पदार्थ बनवणार त्यांची यादी
- लहान उद्योगांसाठीची उद्यम नोंदणी (आधार व पॅन लागते, शुल्क नाही) : `udyamregistration.gov.in`
- वसाहतीच्या व्यवस्थापक समितीचे लेखी नाहरकत पत्र
- घर भाड्याचे असल्यास मालकाची लेखी संमती

नोंदणी झाल्यावर चौदा अंकी क्रमांक मिळतो. तो पाकिटावरच्या चिठ्ठीत छापावा लागतो. पदार्थाचे नाव, घटक, निव्वळ वजन, तारीख, किंमत आणि तुमचा पत्ताही त्यात द्यावा लागतो. वजनकाटा वैधमापन शास्त्र विभागाने तपासून शिक्का मारलेला असावा. पहिल्या पायरीसाठी घेतलेला घरगुती काटा विक्रीला चालत नाही. कामगार ठरावीक मर्यादेपेक्षा कमी असतील तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीऐवजी फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते.

येथे एक सापळा आहे. शोध घेताना सरकारी वाटणारी खासगी संकेतस्थळे वर येतात आणि उद्यम नोंदणीसारख्या विनाशुल्क कामाचेही हजार-दोन हजार रुपये घेतात. पत्त्याच्या शेवटी gov.in आहे ना, हे पाहूनच माहिती भरा.

समितीचे पत्र दुय्यम समजू नका. राहण्याच्या जागेचा वापर बदलल्याची तक्रार आली, तर तुमच्या हातात लेखी काहीतरी हवे. अर्जात यंत्र बसवणार नाही, सामायिक जागेत माल ठेवणार नाही आणि बाहेरचे ग्राहक इमारतीत येणार नाहीत, हे तीन मुद्दे स्पष्ट लिहिले तर समिती सहसा अडवत नाही. भाजणी जास्त प्रमाणात भाजायची असेल, तर घरगुती गॅस सिलिंडर व्यवसायासाठी वापरता येत नाही. त्यासाठी व्यावसायिक जोडणी घ्यावी लागते आणि तिचा खर्च किलोच्या हिशेबात आधीच धरावा.

८. शेजाऱ्यांशी व्यवहार करतानाचे धोके

वसाहतीतला ग्राहक रोज समोर येतो. म्हणून वसुली बाजारापेक्षा अवघड जाते. महिनाअखेरीला देते म्हणणाऱ्यांची संख्या वाढत जाते आणि ८० रुपयांसाठी तोंड कसे उघडावे, असे होते. पहिल्या दिवसापासून महिन्याचे पैसे आगाऊ घ्या किंवा पाकीट देतानाच मोबाईलवर घ्या. हा नियम समितीच्या अध्यक्षांपासून सख्ख्या मैत्रिणीपर्यंत सर्वांना सारखा ठेवा.

दुसरा धोका घटीचा. कोणी आपले पाच किलो धान्य तुमच्याकडे दळायला दिले आणि पीठ शंभर-सव्वाशे ग्रॅम कमी भरले, तर शंका घेतली जाते. इतकी घट गिरणीत होतेच. धान्य घेताना त्यांच्यासमोर वजन करा, आकडा चिठ्ठीवर लिहा आणि घट होईल हे तेव्हाच सांगा. साठवणीच्या धान्यात कीटकनाशकाची गोळी ठेवली होती का, हेही विचारा. ठेवली असेल तर ते दळण घेऊ नका.

तिसरी गोष्ट गुप्ततेची. कोण काय खाते, कोणाच्या घरी कोणता आजार आहे, कोणाचे पैसे थकले आहेत, हे सगळे तुम्हाला समजते. त्यातला एक शब्द जिन्यात बोलला गेला तर पीठ कितीही चांगले असो, चार दारे बंद होतात.

९. ऋतूप्रमाणे वही पुन्हा उघडा

पिठाची मागणी वर्षभर एकसारखी राहत नाही. बाजरी थंडीत, भोगी-संक्रांतीपर्यंत जोरात जाते आणि उन्हाळा लागताच थांबते. त्यामुळे जानेवारीच्या शेवटी बाजरीचा साठा संपवत आणावा. उन्हाळ्यात ज्वारी आणि नागली चालते. श्रावणात उपवासाची भाजणी मागतात, दिवाळीआधी तीन आठवडे चकलीच्या भाजणीची इतकी मागणी येते की आगाऊ नोंद घेतल्याशिवाय धान्य आणू नये. धान्य पंचवटीत दिंडोरी रस्त्यावरच्या बाजार समितीच्या आवारातून घाऊक घेतले तर स्वस्त पडते. पण ५० किलोचे पोते घेण्याआधी ते तुमच्याकडे किती आठवडे पडून राहील, हे मोजा. एक महिन्यापेक्षा जास्त राहणार असेल, तर वाचलेले पैसे सोंडे-किड्यांत जातात.

मे महिन्यात निम्मी वसाहत गावी जाते. तेव्हा काम बंद ठेवलेले परवडते. जूनमध्ये शाळा सुरू होताना बरेच भाडेकरू बदलतात, म्हणून तेव्हा दारांची यादी नव्याने करावी आणि नवीन आलेल्या घरांत तिसऱ्या पायरीतले प्रश्न पुन्हा विचारावेत. गेल्या जूनमध्ये आमच्याकडे आलेल्या तीन घरांनी पिठाचे काहीच सांगितले नाही. तिघांनीही घंटागाडी येते तेव्हा आपण कामावर असतो आणि ओला कचरा दोन-दोन दिवस घरात राहतो, हे सांगितले. ती नोंद वहीत आहे. अशीच तक्रार असलेली घरे एकूण किती, ते सध्या मोजते आहे.